थांब म्हणणाऱ्या साहेबांना नाही म्हणताना

राजीनाम्याची मेल गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं येतं. केबिनचं दार लोटून घेतलं जातं, चहा सांगितला जातो आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की प्रश्न येतो, "तिकडे किती देताहेत?" आकडा कळला की म्हणतात, "एवढंच ना? मग आधी बोलायचं होतंस. मी वर बोलतो. तू थांब."

यालाच नोकरदारांच्या जगात काउंटर ऑफर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत, बँकांत, खासगी रुग्णालयांत हा प्रसंग रोज कुणावर तरी येतो. राजीनामा देण्याची तयारी माणूस आठवडेच्या आठवडे करत असतो. नवी जागा शोधतो, मुलाखती देतो, घरी बोलतो. पण राजीनाम्यानंतर येणाऱ्या या अर्ध्या तासाची तयारी बहुतेकांनी केलेली नसते. मग ज्याचा निर्णय पक्का झालेला असतो तोही "विचार करून सांगतो" असं म्हणून बाहेर येतो आणि पुढचे पंधरा दिवस दोन्हीकडे अडकतो. या लेखात बोलायचं आहे ते निर्णय पक्का झालेल्या माणसाविषयी. त्याने मान राखून आणि पुन्हा तोच विषय निघणार नाही अशा तऱ्हेने नाही कसं म्हणावं, एवढाच प्रश्न.

आधी साहेबांच्या बाजूने पाहू, कारण ते कळलं की बोलणं सोपं जातं. माणूस जातो तेव्हा वरिष्ठाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभी राहते ती रिकामी खुर्ची. जागा भरायला वरून मंजुरी लागते. मंजुरी मिळाली तरी निवडलेल्या उमेदवाराला त्याच्या आताच्या कंपनीत साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. तो येऊन काम हातात घेईपर्यंत आणखी दोन-तीन महिने जातात. म्हणजे आज गेलेल्या माणसाची जागा खऱ्या अर्थाने भरायला अर्धं वर्ष लागू शकतं आणि मधल्या काळात ग्राहकाचं ऑडिट असतं, नवं मॉडेल लाइनवर यायचं असतं. त्यापेक्षा आहे त्या माणसाला पगार वाढवून थांबवणं कंपनीला स्वस्त पडतं. यात लबाडी नाही. साहेबांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. पण कंपनीला मिळतो तो वेळ. आपण ज्या कारणासाठी निघालो ते कारण पगारवाढीने आपोआप जात नाही.

एक उदाहरण घेऊ. माणसं आणि आकडे समजुतीपुरते आहेत, पण असा हिशेब चाकणच्या पट्ट्यात नवा नाही. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात एक मुलगी सहा वर्षं क्वालिटी विभागात काम करते आहे. तिचा सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, नऊ लाखांचा. तळेगावच्या एका कंपनीने तिला पुरवठादारांकडे जाऊन त्यांची गुणवत्ता सुधारून घेण्याचं काम देऊ केलंय. पगार बारा लाख; त्यात अकरा लाख पक्के आणि एक लाख कामगिरीवर. तिला निघायचंय ते मुख्यतः कामासाठी. सहा वर्षं ती लाइनवरचे रिजेक्ट झालेले भाग आणि ग्राहकाच्या तक्रारी यांतच आहे, आणि महिन्यातून दहा दिवस सेकंड शिफ्ट आहे. तिने ३ मार्चला राजीनामा दिला. नोटीस साठ दिवसांची, म्हणून शेवटचा दिवस २ मे.

राजीनामा देण्याआधी तिने एक गोष्ट केली होती, आणि पुढचं सगळं त्यामुळे सोपं गेलं. डिसेंबरमध्ये ती साहेबांशी बोलली होती: काम बदलून हवंय, पुरवठादारांच्या बाजूला जायचंय. साहेब म्हणाले होते, बघू एप्रिलच्या अप्रेझलला. जी गोष्ट मिळाली असती तर आपण थांबलो असतो, ती गोष्ट राजीनाम्याच्या आधी मागावी, असं माझं ठाम मत आहे. मागून मिळाली नाही म्हणून निघालेल्या माणसाला काउंटर ऑफर नाकारताना मनात शंका उरत नाही. आणि जो कधी बोललाच नाही, त्याला साहेबांचं "आधी बोलायचं होतंस" हे वाक्य लागतं, कारण त्यात तथ्य असतं.

दुसरी खातरजमाही तिने आधीच केली होती. नव्या कंपनीचं ऑफर लेटर लेखी हातात होतं, त्यावर पगाराची फोड, पद आणि रुजू होण्याची तारीख होती, आणि तिने ते स्वीकारल्याचं कळवलं होतं. पार्श्वभूमी तपासणी, वैद्यकीय चाचणी अशा अटी राहिल्या असतील तर त्या कुठवर आल्यात ते विचारून घ्यावं. नवी ऑफर नुसत्या फोनवरच्या शब्दावर उभी असेल तर जुन्या ठिकाणी ठाम नकार देण्याची वेळ आलेली नाही. खरं तर राजीनाम्याचीही आलेली नव्हती.

५ मार्चला बोलावणं आलं. साहेबांनी आकडा विचारला, तिने सांगितला नाही. ९ मार्चला साहेब वरून मंजुरी घेऊन आले: साडेबारा लाख. नव्या ऑफरपेक्षा पन्नास हजारांनी जास्त. वर सीनियर इंजिनियरचं पद, "पुढच्या सायकलला बघू" असं. घरी येऊन तिने फोड मांडली. पक्के दहा लाख वीस हजार, कामगिरीवरचे एक लाख तीस हजार आणि रिटेन्शन बोनस एक लाख. पक्क्या पगारात हा प्रस्ताव नव्या ऑफरपेक्षा ऐंशी हजारांनी कमी होता. कामगिरीवरचा भाग ठरणार होता त्याच साहेबांच्या शेऱ्यावर. बोनसचं पत्र तर नीट वाचावं असंच होतं: रक्कम पुढच्या पगाराबरोबर मिळेल, पण अठरा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर पूर्ण परत करावी लागेल. अशा पत्रांत बहुधा कर कापण्याआधीची रक्कम परत मागितलेली असते, म्हणजे हातात आलं त्याहून जास्त द्यावं लागण्याचा धोका. शिवाय हा बोनस एकदाच मिळतो, तरीही पुढच्या वर्षीच्या तुलनेत तो पगारवाढ म्हणून मोजला जातो. काम आणि शिफ्ट यांविषयी प्रस्तावात एक अक्षर नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. हा सगळा हिशेब तिने स्वतःसाठी केला. केबिनमध्ये तो बोलून दाखवला नाही. ती म्हणाली असती, "सर, पक्का पगार तर तिकडे जास्त आहे," तर संध्याकाळपर्यंत पक्का पगार वाढवून आला असता. म्हणाली असती, "पद आत्ता नाही मिळत," तर पद मिळालं असतं. प्रत्येक आक्षेप म्हणजे साहेबांच्या दृष्टीने पूर्ण करता येण्याजोगी अट असते, आणि अट पूर्ण झाल्यावर नाही म्हणणारा माणूस शब्द फिरवणारा ठरतो. नकार टिकतो तो त्यात किंमत नसते तेव्हा. कारण विचारलं तर असं सांगावं जे या कंपनीतल्या कोणत्याही आकड्याने बदलणार नाही, आणि जे खरं असेल. "मला पुरवठादारांच्या बाजूचं काम करायचंय आणि मी ते स्वीकारलंय. शब्द दिलाय." एवढं पुरे.

तिचं आणि साहेबांचं बोलणं साधारण असं झालं.

"सर, तुम्ही माझ्यासाठी वरपर्यंत गेलात, हे मी विसरणार नाही. पण मी नाही थांबू शकत. माझा निर्णय झालाय."

"अगं, आकडा तर बघितलास ना? तिकडच्यापेक्षा जास्तच असेल."

"असेल सर. आकड्याचा प्रश्न नाहीये. मी तिकडचं काम घेतलंय आणि त्यांना होकार कळवलाय."

"तेरा करून घेतो. मग?"

"नको सर. तुम्ही आणखी कुणाकडे शब्द टाकू नका माझ्यासाठी. उत्तर तेच राहणार आहे, आणि तुम्हाला उगाच वर अवघड जाईल."

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. काउंटर ऑफर आणताना वरिष्ठाने स्वतःची पत वापरलेली असते. प्लँट हेडला सांगितलेलं असतं, एचआरशी भांडून अपवाद करून घेतलेला असतो. आपण चार दिवस "बघते, सांगते" करत राहिलो तर त्या चार दिवसांत तो आणखी दोन जणांना सांगतो, "ती थांबतेय बहुतेक." मग नकार आला की तोंडघशी पडतो तो. त्याचा राग येतो तो आपण जातोय म्हणून नव्हे. आपल्या भरवशावर त्याने वर शब्द दिला म्हणून. आदर राखायचा तर नकार लवकर द्यायचा, शक्यतो प्रस्ताव कागदावर यायच्या आधी. ५ तारखेला आकडा विचारला गेला तेव्हाच ती म्हणाली होती, "सर, माझं नक्की झालंय, तुम्ही मंजुरीसाठी त्रास घेऊ नका." साहेबांनी तरी प्रयत्न केला, पण ती आधीच बोलली होती हे त्यांच्या लक्षात राहिलं.

कुणी म्हणेल, समोरून एवढं देताहेत तर ऐकूनही घ्यायचं नाही का? ऐकावं, मधेच तोडू नये. साहेब बोलून संपेपर्यंत थांबावं आणि मग उत्तर द्यावं. ज्याला खरोखर घरी बोलायचं आहे त्याने मुदत मागावी, पण वेळ ठरवून: "उद्या सकाळी अकरा वाजता येऊन सांगतो." आणि अकरा वाजता स्वतः जावं. ठरलेली वेळ नसलेलं "विचार करून सांगतो" हे आपल्याकडे अर्धा होकार म्हणून ऐकलं जातं.

पैशावर बोलणं थांबलं की दुसरी फेरी येते, आणि आपल्याकडे तीच जास्त जड जाते. "तू कॉलेजमधून आलीस तेव्हा तुला मायक्रोमीटर धरता येत नव्हता. आम्ही शिकवलं." किंवा "ऑडिटच्या तोंडावर सोडून चाललीस." इथे बहुतेक माणसं एक तर ओशाळतात, नाही तर चिडून सहा वर्षांतल्या जादा शिफ्टा मोजायला लागतात. दोन्हीची गरज नाही. शिकवलं हे खरं असेल तर ते पूर्ण मान्य करावं, कमी करून नव्हे. "हो सर, जे येतं ते इथेच शिकले." त्यानंतर लगेच निर्णयाचं समर्थन सुरू करू नये. उपकाराची जाणीव आणि जाण्याचा निर्णय या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात. एकीने दुसरीला खोडायची गरज नसते. ऑडिटच्या प्रश्नाला मात्र नुसत्या शब्दांनी उत्तर देता येत नाही, तिथे काम दाखवावं लागतं. ती म्हणाली, "ऑडिट २१ एप्रिलला आहे आणि मी २ मेपर्यंत आहे. तोवरची माझी सगळी तयारी मी शुक्रवारी लिहून देते."

काही ठिकाणी तिसरी फेरीही होते. थेट प्लँट हेड किंवा संचालक बोलावतात. सहा वर्षांत ज्यांनी नावाने हाक मारली नाही ते विचारतात, "काय अडचण आहे, मोकळेपणाने सांग." इथे मन मोकळं करण्याचा मोह होतो: साहेब कसे वागतात, अप्रेझल कसं होतं, कुणाला कसं पुढे काढलं. तो आवरावा. ही भेट आपल्याला थांबवण्यासाठी ठरलेली असते, आणि तिथे केलेली तक्रार दोन प्रकारे उलटते. एक तर तक्रार दूर करतो म्हणून थांबण्याचा आग्रह वाढतो. दुसरं म्हणजे ती संध्याकाळी आपल्या साहेबांपर्यंत पोहोचते, आणि आपल्याला पुढचे दोन महिने त्यांच्याच हाताखाली काढायचे असतात. खरोखर गंभीर काही असेल, छळ, सुरक्षिततेतली हयगय, तर ते सांगायलाच हवं. पण वेगळं, लेखी आणि ज्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सांगायचं तिथे. थांबण्या-जाण्याच्या बोलण्यात ते मिसळलं की सौदेबाजीसारखं दिसतं आणि त्याचं वजन जातं.

तोंडी नकार दिला की त्याच दिवशी लेखी कळवावं. हे अनेक जण टाळतात, कारण बोलणं झाल्यावर पुन्हा मेल म्हणजे तुटक वाटतं. पण मेल गेली नाही तर एचआरच्या नोंदीत राजीनामा "चर्चेत" राहतो, स्वीकारल्याचं पत्र लांबतं, शेवटच्या दिवसाची तारीख पक्की होत नाही. अशी मेल बहुधा इंग्रजीत जाते. तिच्या मेलचा आशय मराठीत साधारण असा होता:

"सर, आज आपण वेळ काढून माझ्याशी बोललात आणि मला थांबवण्यासाठी प्रस्ताव आणलात, त्याबद्दल मनापासून आभार. त्यावर नीट विचार करून मी तो स्वीकारू शकत नाही हे कळवते आहे. ३ मार्चचा माझा राजीनामा कायम आहे आणि नोटीसप्रमाणे माझा शेवटचा दिवस २ मे असेल. माझ्याकडच्या कामांची यादी आणि ती कुणाकडे द्यायची याचा कच्चा आराखडा शुक्रवारपर्यंत पाठवते. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र एचआरकडून मिळावं, ही विनंती."

पाच वाक्यं. यात नव्या कंपनीचं नाव नाही, पगार नाही, तक्रार नाही, आणि "सध्या तरी", "शक्य झाल्यास", "दुर्दैवाने" असे दार किलकिलं ठेवणारे शब्दही नाहीत. तारखा मात्र दोन्ही आहेत. एचआरच्या प्रमुखांना ही मेल जोडपत्र म्हणून जावी, म्हणजे दोन्हीकडे एकच माहिती राहते.

आता भीतीविषयी बोलायला हवं, कारण अनेकांचा नकार तिथे डळमळतो. "साहेब दुखावले तर रिलीव्हिंग लेटर अडेल, हिशेब अडेल." रिलीव्हिंग लेटर म्हणजे नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, नवी कंपनी ते मागते, म्हणून ही भीती अगदीच निराधार नाही. पण नोटीस पूर्ण केली, काम सोपवल्याची नोंद ठेवली आणि राजीनामा स्वीकारल्याचं पत्र हातात असलं, की अडवायला फारसं काही उरत नाही. आणि हिशेबात मिळणाऱ्या रकमा काही मेहेरबानी नव्हेत. ग्रॅच्युइटीचंच पाहा. सलग पाच वर्षं नोकरी झाली की १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र लागू होतं: शेवटचा मासिक मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. तिचा मूळ पगार ३८ हजार, वर्षं सहा. रक्कम येते सुमारे १ लाख ३१ हजार ५००. ही तिने कमावलेली रक्कम आहे, ती थांबली नाही म्हणून कमी होत नाही आणि साहेब खूश झाले म्हणून वाढत नाही. भविष्य निर्वाह निधीचा युएएन क्रमांक तर आपल्याबरोबरच जातो; जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनंतर ती सदस्याला स्वतः ईपीएफओच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. ज्याची पाच वर्षं भरायला थोडे महिने उरलेत त्याने मात्र राजीनाम्याची तारीख ठरवतानाच हे पाहावं. काउंटर ऑफरच्या टेबलावर ते आठवून उपयोग नाही.

नकारानंतरच्या नोटीसच्या काळात एक गोष्ट सांभाळावी लागते ती म्हणजे तोंड. सहकारी विचारणारच: "किती वाढवत होते?" सांगू नये. साडेबारा लाखांचा आकडा विभागात फिरला की उरलेल्यांना कळतं, राजीनामा दिला की साडेतीन लाख वाढतात. पुढच्या आठवड्यात साहेबांपुढे आणखी दोन राजीनामे असतात आणि आपल्यासाठी त्यांनी केलेला अपवाद त्यांनाच भोवतो. ज्यांनी आपल्यासाठी धडपड केली त्यांचा मान आपण केबिनबाहेर असा राखतो. तिने तेवढंच सांगितलं, "सरांनी थांब म्हटलं, चांगलं बोलले, पण माझं ठरलं होतं."

आणि काम. यादीत तिने ग्राहकाच्या उघड्या तक्रारी, प्रत्येकीचं मूळ कारण कुठवर शोधलंय, गेजच्या कॅलिब्रेशनच्या पुढच्या तारखा, कोणत्या पुरवठादाराकडे नेमकं कुणाशी बोलायचं, आणि कागदोपत्री नसलेल्या गोष्टी लिहिल्या. उदाहरणार्थ तीन नंबरच्या मशीनवर पावसाळ्यात माप सरकतं. दर शुक्रवारी यादीवर काम घेणाऱ्याची सही घेतली. साहेबांचा राग एप्रिलच्या मध्यापर्यंत ओसरला, तो तिच्या गोड बोलण्याने नव्हे, या यादीने.

हे सगळं मोठ्या कंपनीतलं झालं. लहान कारखान्यात, जिथे एचआर नावाचा विभागच नसतो, तिथे नाही म्हणणं वेगळ्या कारणाने अवघड असतं. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा फाउंड्री सुपरवायझर समजा. मालकाला तो दादा म्हणतो. दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाला मालकाने उचल दिली होती, गेल्या वर्षी घराच्या स्लॅबसाठी पुन्हा दिली, त्यातले चाळीस हजार फिटायचेत. त्याने पुण्याला जायचं ठरवलं, तर मालक केबिनमध्ये बोलावत नाही, रविवारी घरी येतो, वडिलांच्या शेजारी बसतो आणि म्हणतो, "आण्णा, पोराला समजवा. पगार वाढवतो, घरचाच आहे तो."

इथे नकार तीन माणसांना द्यावा लागतो: मालकाला, वडिलांना आणि स्वतःच्या मिंधेपणाला. अशा वेळी पोरगा आत जाऊन बसतो आणि उत्तर वडिलांवर सोपवतो, हे सर्रास होतं. ते वाईट, कारण वडील मालकाला तोंडावर नाही म्हणू शकत नाहीत. मग "बघू की, काय घाई आहे" असं काही तरी होतं आणि मालक होकार समजून जातो. म्हणून राजीनाम्याआधी वडिलांशी बोलून घ्यावं, आणि मालक घरी आला तर आपणच पुढे बसून उत्तर द्यावं. "दादा, तुम्ही घरापर्यंत आलात, याहून मोठा मान नाही. पण मी जायचं ठरवलंय. आण्णांना माहीत आहे. पुढच्या अमावास्येपर्यंत मी आहे, भट्टीवर जो माणूस द्याल त्याला सगळं शिकवून जातो."

उचलीचा विषय मालकाने काढायच्या आत आपण काढावा. ती फिटेपर्यंत जाऊ नये असा आग्रह आला, तर कर्ज आणि नोकरी वेगळी करून दाखवावी लागते, आणि ती पैशानेच होतात. शक्य असेल तर नव्या पगारावर आधी सोय करून किंवा पतसंस्थेतून उचलून चाळीस हजार एकरकमी द्यावेत. नसेल जमत तर दर महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला हे कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून द्यावं. उदाहरणार्थ दरमहा पाच हजार, आठ महिने, दहा तारखेला, बँक खात्यावर. रोख देऊ नये. दहा वर्षांची ओळख असली तरी नोंद खात्यातच राहू द्यावी. शेवटचा हप्ता गेला की "हिशेब पूर्ण झाला" अशी दोन ओळींची पावती मालकाच्या सहीने घ्यावी आणि ती घेताना कारखान्यात जाऊन, चहा पिऊन यावं. मालक तेव्हाही पुन्हा विचारेल, "मग, येतोस का परत?" त्याला उत्तर तेच: "नाही दादा, तिकडे बसलंय आता. तुमच्याकडे माणूस हवा असेल तर माझ्या ओळखीतला एक मोल्डर आहे, पाठवू का?"